तिरका भार आणि पायाखालची जमीन

पायाखालची जमीन किती भार पेलेल याचा हिशेब करताना भार सरळ खाली येतो असे बहुधा धरलेले असते. घराच्या खांबापुरते ते बरोबर आहे. पण डोंगर कापून केलेल्या रस्त्याकडेची संरक्षक भिंत, कमानी पुलाचे टोकाचे आधार, उंच शेडच्या तिरक्या चौकटी, वाऱ्याचा मारा खाणाऱ्या जाहिरातफलकाचा खांब यांच्या पायावर उभ्या वजनाबरोबर एक आडवा रेटाही येतो. वजन आणि रेटा यांची बेरीज एका तिरक्या बलात होते. तिरक्या भाराखाली त्याच जमिनीची धारणक्षमता सरळ भाराच्या मानाने कितीतरी कमी भरते. ही घट मोजण्यासाठी धारणक्षमतेच्या सूत्रातल्या प्रत्येक पदाला एकाहून लहान अशा एका संख्येने गुणतात. तिला कलगुणक म्हणतात.

ही घट समजून घेण्यासाठी आधी सरळ भाराखाली जमीन कशी मोडते ते पाहावे लागते. रुंद पट्टीसारख्या पायावर भार वाढवत नेला की पायाला लागून खाली मातीची एक पाचर तयार होते. ही पाचर पायाबरोबरच खाली सरकते आणि दोन्ही बाजूंची माती बाजूला व वर ढकलते. ढकललेली माती वक्र पृष्ठावरून घसरत शेवटी पायाच्या दोन्ही अंगांना जमिनीबाहेर फुगून येते. या हालचालीला विरोध तीन गोष्टी करतात: मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात तो चिकटपणा, पाया ज्या खोलीवर ठेवला आहे तिच्या वरच्या मातीचे दडपण, आणि घसरू पाहणाऱ्या मातीचे स्वतःचे वजन. कार्ल टेर्झागी यांनी १९४३ साली मांडलेल्या सूत्रातही ही तीनच पदे आहेत. प्रत्येक पदाला मातीच्या घर्षणकोनावर अवलंबून असलेला एक गुणक असतो. चिकटपणासाठी Nc, दडपणासाठी Nq आणि स्ववजनासाठी Nγ.

आता भार थोडा तिरका करावा. पायाखालची पाचर रेट्याच्या दिशेने कलते, दोन्ही बाजूंची सममिती मोडते आणि माती एकाच बाजूने, म्हणजे रेटा ज्या दिशेला आहे त्या बाजूने घसरते. घसरणीचे पृष्ठही उथळ आणि आखूड होते. कल वाढत गेला की हे पृष्ठ पायाच्या तळाजवळ येत जाते. कल मातीच्या घर्षणकोनाइतका झाला की ते तळाला जाऊन मिळते. तेव्हा खालची माती ढळण्याचा प्रश्नच उरत नाही, पायाच मातीवरून घसरतो.

हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणले तर तिन्ही पदे सारख्या प्रमाणात का घटत नाहीत हेही कळते. वरच्या मातीचे दडपण घसरणाऱ्या पट्ट्यावर पसरलेले असते. ते पट्ट्याच्या लांबीच्या प्रमाणात काम करते. स्ववजन मात्र घसरणाऱ्या मातीच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणजे लांबी आणि खोली या दोन्हींवर. पट्टा आखूड आणि उथळ झाला की लांबी जेवढी घटते त्याहून क्षेत्रफळ झपाट्याने घटते. म्हणून तिरक्या भाराचा पहिला आणि मोठा फटका स्ववजनाच्या पदाला बसतो. वाळूत उथळ ठेवलेल्या रुंद पायाची ताकद याच पदातून येत असल्याने असे पाये तिरक्या भारापुढे विशेष दुबळे ठरतात.

कलगुणकांची सर्वांत सोपी सूत्रे जी. जी. मेयरहॉफ यांच्या कामातून आली. १९५३ च्या झ्यूरिक परिषदेत त्यांनी केंद्राबाहेरच्या व तिरक्या भारांवरचा निबंध मांडला होता. भारतीय मानक आयएस ६४०३ (१९८१) मध्येही हीच सूत्रे आहेत. भार उभ्या रेषेपासून α अंशांनी कललेला असेल आणि मातीचा घर्षणकोन φ असेल तर

ic = iq = (1 − α/90°)²

iγ = (1 − α/φ)²

पहिल्या सूत्रात कलाची तुलना काटकोनाशी आहे, दुसऱ्यात घर्षणकोनाशी. वाळूचा घर्षणकोन साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. त्यामुळे दुसरा गुणक पहिल्यापेक्षा फार लवकर शून्याकडे जातो, आणि α बरोबर φ होताच शून्यच होतो. सूत्रांचा आकार ढोबळ आहे, पण वर वर्णन केलेली यंत्रणा त्यांत उतरलेली दिसते.

आकडे घातल्याशिवाय या घटीचा अंदाज येत नाही. घाटरस्त्याला शोभेल अशी प्रबलित काँक्रीटची एक संरक्षक भिंत उदाहरणादाखल घेऊ. तळापासून एकूण उंची ५ मीटर. तळाची पट्टी ३ मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड. त्या पट्टीवर ४० सेंटिमीटर जाडीची उभी भिंत. भिंतीपुढे पट्टीचा ०.६ मीटर भाग, तो चवडा. मागे भरावाखाली २ मीटर भाग, ती टाच. भराव आणि पायाखालची माती दोन्ही कोरडी आणि वाळूसारखी, चिकटपणा शून्य, घर्षणकोन ३० अंश, वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन. पाया समोरच्या जमिनीच्या १ मीटर खाली आहे. १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ टन, एवढे लक्षात ठेवले की पुढचे आकडे वाचायला सोपे जातात.

हिशेब भिंतीच्या एक मीटर लांबीचा. उभ्या भिंतीचे वजन ४५, तळपट्टीचे ३७.५ आणि टाचेवर बसलेल्या मातीचे १६२, मिळून २४४.५ किलोन्यूटन. चवड्यावरची थोडी माती सोडून दिली आहे. ३० अंशांच्या मातीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश असतो. त्यानुसार भरावाचा एकूण रेटा ७५ किलोन्यूटन येतो आणि तो तळापासून उंचीच्या एक तृतीयांशावर, १.६७ मीटरवर लागतो. ७५ ला २४४.५ ने भागले की ०.३०७ येतात. तेवढी स्पर्शज्या असलेला कोन १७ अंशांचा. म्हणजे पायावर येणारे एकूण बल उभ्या रेषेपासून १७ अंशांनी कललेले आहे. भिंत ताजी, मजबूत आणि कोरडी असतानाची ही स्थिती आहे. यात काहीही बिघडलेले नाही.

रेटा तळापासून वर लागत असल्याने तो भिंत पुढे कलंडवू पाहतो, त्यामुळे बल पट्टीच्या मध्यातूनही जात नाही. चवड्याच्या टोकाभोवती आघूर्ण घेतले तर वजनाचे सरळ ठेवणारे आघूर्ण सुमारे ४१६ आणि रेट्याचे उलथवणारे १२५ भरते. उरलेल्या २९१ ला वजनाने भागले की बल टोकापासून १.१९ मीटरवर तळाला छेदते असे कळते. मध्य १.५ मीटरवर आहे, म्हणजे बल ३१ सेंटिमीटर पुढे आहे. यावरचा उपायही मेयरहॉफ यांचाच: बल ज्याच्या मधोमध येईल तेवढीच रुंदी खरी धरायची. येथे ती १.१९ च्या दुप्पट, म्हणजे २.३८ मीटर. उरलेली साठेक सेंटिमीटर पट्टी जमिनीवर आहे, पण हिशेबात नाही.

आता धारणक्षमता. ३० अंशांसाठी मानकातले गुणक Nq १८.४ आणि Nγ २२.४ आहेत. चिकटपणा नसल्याने पहिले पद गळते. आयएस ६४०३ निव्वळ क्षमता काढण्यासाठी Nq मधून एक वजा करते, येथे सोपेपणासाठी एकूण क्षमता काढली आहे. खोलीमुळे मिळणारी थोडी वाढही सोडली आहे. उरते ते सूत्र असे:

qu = q·Nq·iq + 0.5·γ·B′·Nγ·iγ

यात q म्हणजे वरच्या मातीचे दडपण, एक मीटर खोलीसाठी १८. B′ म्हणजे खरी धरलेली रुंदी.

भार सरळ आणि मधोमध आहे असे समजून हिशेब केला तर दडपणाचे पद ३३१ आणि स्ववजनाचे ६०५ येते. एकूण ९३६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. प्रत्यक्ष दाब २४४.५ भागिले ३, म्हणजे ८१.५. सुरक्षा गुणांक साडेअकरा! एवढ्यावर थांबणाऱ्याला भिंत गरजेपेक्षा फारच दणकट वाटेल. भार मध्यापासून ढळल्याचा हिशेब धरला की रुंदी आकसते, क्षमता ८११ वर येते, दाब १०२.६ होतो आणि गुणांक ७.९ उरतो. मग कलगुणक लावायचे. १७ अंशांसाठी iq ०.६५७ आणि iγ ०.१८६. दडपणाचे पद ३३१ वरून २१८ होते. स्ववजनाचे ४८० वरून ९० वर कोसळते. क्षमता ३०७ आणि सुरक्षा गुणांक बरोबर ३.

भार मध्याबाहेर आहे एवढ्याने गुणांक साडेअकरावरून आठाच्या आसपास आला होता. कलाने तो तीनवर आणला. प्रत्यक्ष कामात मात्र उलटी सवय दिसते. भार मध्यापासून किती ढळला हे तपासले जाते, कारण चवड्याखालचा जास्तीत जास्त दाब काढायची रीत सर्वांना पाठ असते. तो दाब मृदा तपासणी अहवालातल्या ‘एसबीसी’च्या आकड्याशी ताडून पाहिला की काम झाले असे समजतात. पण अहवालातला तो आकडा साधारणपणे सरळ भारासाठी काढलेला असतो. तिरक्या भाराच्या भिंतीला तो जसाच्या तसा लावणे ही या विषयातली सर्वांत सर्रास चूक आहे. उदाहरणातल्या भिंतीत तसे केले तर जमिनीची क्षमता अडीच पटीहून अधिक फुगवून धरली जाते.

गुणांक ३ आला म्हणजे भार तिप्पट होईपर्यंत भिंत सुरक्षित आहे, असेही नाही. तीन हा आकडा काढताना भार वाढला तरी त्याचा कल तोच राहतो, म्हणजे वजन आणि रेटा दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, असे न बोलता गृहीत धरलेले असते. संरक्षक भिंतीत तसे कधी घडत नाही. भिंतीचे वजन ठरलेले असते, वाढतो तो रेटा. पाऊस, भूकंप, भरावावर उभी केलेली यंत्रे, सगळे मुख्यतः आडवा रेटा वाढवतात. म्हणून वजन २४४.५ वर स्थिर ठेवून रेटा पायरी-पायरीने वाढवून पाहावा. तो ७५ वरून ११० केला की कल २४ अंशांच्या पुढे जातो, बल चवड्याकडे सरकून खरी रुंदी १.९ मीटर उरते आणि गुणांक ३ वरून दीडवर येतो. १३० ला तो जेमतेम एक उरतो. म्हणजे तीनचा गुणांक प्रत्यक्षात रेट्याच्या पाऊणपट वाढीने संपला. तळाचा घर्षण गुणक ०.५ धरला तर त्याच्या थोडे आधी, रेटा १२२ होताच, भिंत घसरायला लागते. म्हणून घसरणीचा दीडचा गुणांक आणि धारणक्षमतेचा तीनचा गुणांक दिसायला वेगळे असले तरी या भिंतीत ते जवळपास एकाच धोक्याची दोन मोजमापे आहेत.

हा रेटा कशाने वाढेल याचे उत्तर सह्याद्रीत शोधायला लांब जावे लागत नाही. भिंतीत ठेवलेली पाझरछिद्रे, म्हणजे वीप होल, मातीने चोंदतात, किंवा त्यांच्यामागे दगडगोट्यांची गाळणी घातलेलीच नसते. पावसाळ्यात भरावात पाणी साचते. उदाहरणातल्या भिंतीमागे तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत, अडीच मीटर, पाणी चढले असे धरू. रेटा ७५ वरून ९८ होतो. वाढ तिसऱ्या हिश्श्याएवढीच आहे. पण पाणी तळपट्टीखालीही शिरते आणि तिला वर उचलते. मागे अडीच मीटर आणि पुढे शून्य असा उचल-दाब धरला तर उपयोगी वजन २१५ उरते. कल साडेचोवीस अंशांवर जातो. खरी रुंदी दोन मीटरच्याही खाली जाते. त्यात पायाखालची मातीही पाण्यात बुडालेली, म्हणजे तिचे उपयोगी वजन जवळपास निम्मे झालेले. स्ववजनाचे पद ९० होते ते ७ ते ८ वर येते, म्हणजे नाहीसेच होते. धारणक्षमतेचा गुणांक १.७ आणि घसरणीचा १.१. भिंत अजून उभी असते, पण दडपणाच्या एकाच पदावर तोललेली.

आणि ते पद कशाने टिकते? भिंतीपुढच्या एक मीटर मातीने. घाटात नेमकी तीच जागा गटारासाठी किंवा केबल टाकण्यासाठी खोदली जाते. कोरड्या स्थितीतही चवड्यापुढचा अर्धा मीटर थर काढला तर क्षमता ३०७ वरून १९८ वर येते आणि गुणांक तीनवरून दोनच्या खाली घसरतो. सरळ भाराच्या पायापुढे तेवढाच चर खणला असता तर १७-१८ टक्के क्षमता गेली असती, येथे तिसरा हिस्सा गेला. स्ववजनाचे पद कलाने आधीच खाऊन टाकलेले असल्याने तिरक्या भाराच्या पायाला पुढच्या मातीचा आधार अधिक मोलाचा असतो. चर खणणाऱ्या ठेकेदाराला हे सांगणारे कागदावर बहुधा काहीच नसते. संरक्षक भिंतीच्या नकाशावर चवड्यापुढे किती अंतरापर्यंत खोदकाम करायचे नाही हे लिहिणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

मेयरहॉफ यांची सूत्रे हीच एकमेव नव्हेत. डेन्मार्कचे जे. ब्रिंच हॅन्सन यांनी १९६१ आणि १९७० मध्ये, तर अमेरिकेत काम केलेले अलेक्झांडर व्हेसिच यांनी १९७३ मध्ये आपापले गुणक मांडले. दोघांनीही कोनाऐवजी आडव्या बलाचे उभ्या बलाशी गुणोत्तर घेतले. चिकटपणा नसलेल्या मातीसाठी हॅन्सन यांची सूत्रे अशी:

iq = (1 − 0.5·H/V)⁵

iγ = (1 − 0.7·H/V)⁵

व्हेसिच यांच्या सूत्रांत घातांक पायाच्या आकारावर अवलंबून असतो. लांब पट्टीवर रुंदीच्या दिशेने रेटा असेल तर (1 − H/V) चा iq साठी वर्ग आणि iγ साठी घन घ्यायचा. स्ववजनाच्या पदाला एक घात जास्त, म्हणजे लांबी आणि क्षेत्रफळाचे तेच नाते वेगळ्या वेशात. रेटा पट्टीच्या लांबीच्या दिशेने असेल तर घातांक लहान होतो आणि घट कमी येते. मेयरहॉफ यांच्या सूत्रांत हा दिशाभेद नाही.

आपल्या कोरड्या भिंतीला हॅन्सन यांचे गुणक लावले तर सुरक्षा गुणांक २.३५ येतो, व्हेसिच यांचे लावले तर ३.१. एवढी तफावत पाहून गोंधळण्याचे कारण नाही, पण एक सावधगिरी हवी. प्रत्येक संशोधकाचा Nγ वेगळा आहे. ३० अंशांना व्हेसिच यांचा २२.४, तर हॅन्सन आणि मेयरहॉफ यांचे पंधराच्या आसपास. कलगुणक ज्याचे घ्यायचे त्याचाच Nγ घ्यावा हे तत्त्व शुद्ध आहे. भारतीय मानकाने मात्र Nγ व्हेसिच यांचा आणि कलगुणक मेयरहॉफ यांचे अशी सांगड घातली आहे. सगळेच मेयरहॉफ यांचे घेतले असते तर आपल्या भिंतीचा गुणांक २.७ आला असता. मानकाप्रमाणे केलेला हिशेब कायदेशीरदृष्ट्या निर्दोष असतो, तरी कल घर्षणकोनाच्या निम्म्याहून अधिक असेल तेव्हा हॅन्सन यांच्या सूत्रांनी एकदा फेरतपासणी करून लहान आकडा धरणे शहाणपणाचे आहे.

चिकणमातीची गोष्ट वेगळी आहे. भार पटकन आला आणि पाण्याला निचरा व्हायला वेळ मिळाला नाही तर चिकणमाती घर्षणाने नव्हे, चिकटपणानेच विरोध करते. तिचा घर्षणकोन शून्य धरला जातो. मग कोनाची तुलना घर्षणकोनाशी करणारे सूत्र निरर्थक ठरते, आणि शून्य घर्षणकोनाला स्ववजनाचे पदही नसते. तेथे विचारायचा प्रश्न असा की आडवे बल पायाच्या तळाच्या एकूण चिकटपणाच्या किती जवळ गेले आहे. हॅन्सन यांनी त्यासाठी दिलेला गुणक असा:

ic = 0.5 + 0.5·√(1 − H/(A′·c))

रेटा शून्य असेल तर तो एक, आणि रेटा A′ गुणिले c एवढा, म्हणजे घसरण सुरू होण्याच्या टोकाला, नेमका अर्धा. सरळ भाराखाली चिकणमातीचा Nc ५.१४ असतो. घसरणीच्या टोकालाही तो २.५७ उरतो. वाळूत टोकाला स्ववजनाचे पद शून्य होते, चिकणमातीत निम्मी क्षमता शिल्लक राहते. दुसऱ्या बाजूने, वाळूत वजन वाढवले की घर्षण वाढून घसरण लांबते, चिकणमातीत वजन कितीही वाढवले तरी घसरणीचा विरोध तेवढाच राहतो. कोकणातल्या खाडीकाठच्या मऊ चिकणमातीवर भिंत उभारताना धक्का नेमका याचा बसतो.

गुणांक कमी आला तर काय करायचे, यालाही कलाची बाजू ध्यानात घेऊनच उत्तर द्यावे लागते. उदाहरणातल्या भिंतीची तळपट्टी अर्धा मीटर वाढवायची आहे असे समजू. ती पुढे, चवड्याकडे वाढवली तर बल मध्याजवळ येते आणि धारणक्षमतेचा गुणांक ४.६ वर जातो. मागे, टाचेकडे वाढवली तर तो ४.२ होतो. नुसते हे आकडे पाहिले तर चवडा वाढवणे बरे वाटते. पण चवड्यावर वजन जवळपास चढत नाही. कल १७ वरून साडेसोळावर रेंगाळतो आणि घसरणीचा गुणांक १.६३ वरून जेमतेम १.६७ होतो. टाच वाढवली की तिच्यावर मातीचा आणखी एक मोठा स्तंभ बसतो, कल साडेचौदा अंशांवर येतो आणि घसरणीचा गुणांक १.९४ होतो. म्हणून जागा असेल तर टाच वाढवणे चांगले. खोदाईला मागे जागा नसलेल्या घाटात चवडा वाढवणे हा नाइलाज असतो.

तळपट्टीच मागे उतरती, भरावाच्या बाजूला खोल अशी केली की बल तळाला अधिक काटकोनात येते. हाही चांगला उपाय आहे, पण मग उतरत्या तळाचे वेगळे गुणक लावावे लागतात. तळाखाली उतरवलेली काँक्रीटची दांडी, म्हणजे शिअर की, घसरण रोखते. बलाचा कल मात्र तिने बदलत नाही, तेव्हा कलगुणक सुधारेल अशी अपेक्षा तिच्याकडून करू नये. शेडच्या चौकटींत तर दोन समोरासमोरच्या पायांचा आडवा रेटा फरशीखालून बांधणीच्या सळयांनी एकमेकांत मिटवता येतो. तसे केले की पायावर भार जवळपास सरळच उतरतो आणि हा सगळा हिशेब टळतो.

उभ्या भिंतीत या दोषाची चिन्हे ओळखता येतात. चवडा खचून भिंतीचे डोके पुढे झुकले असेल आणि पुढची जमीन भिंतीलगत फुगली असेल तर धारणक्षमता संपत आली आहे. भिंत सरळ उभी राहून संपूर्ण पुढे सरकली असेल, मागच्या रस्त्यात भिंतीला समांतर भेग पडली असेल, पण पुढे फुगवटा उंच नसेल, तर घसरण चालू आहे. उभी भिंत वाकली, पण तळाशी काही हालले नसेल, तर दोष काँक्रीट-सळईचा, जमिनीचा नव्हे. पहिल्या दोन्ही प्रकारांत पहिले काम एकच: पाझरछिद्रे मोकळी करणे आणि भरावातले पाणी काढणे. त्यानंतर चवड्यापुढे काढलेली माती परत ठोकून भरणे. याने रेटा आणि कल दोन्ही लगेच कमी होतात, आणि मजबुतीकरणाचा आराखडा करायला वेळ मिळतो.